संघाचं नाव: लेखा विभाग, ऑफिस क्रिकेट स्पर्धा (कामाच्या नोंदी)

२ डिसेंबर

एचआरची मेल आली. जानेवारीत आंतरविभागीय स्पर्धा आहे. गोरेगावचं टर्फ, टेनिस बॉल, सहा षटकांचे सामने, आठ जणांचा संघ आणि त्यात किमान दोन महिला. शेवटच्या ओळीत लिहिलंय की संघाचं नाव "मजेशीर, पण ऑफिसला शोभेल असं" हवं आणि ते २० तारखेपर्यंत कळवायचं. महिन्याची २० तारीख म्हणजे आमचा जीएसटी रिटर्नचा दिवस. एचआरला हे सांगून उपयोग नाही, म्हणून आम्हीच १८ धरून चालायचं ठरवलं.

कॅप्टनने नावाचं आणि टी-शर्टचं काम माझ्याकडे दिलं. त्याच्या मते "अकाउंट्स इलेव्हन" लिहून मोकळं व्हावं. पण आम्ही आठ जण आहोत. आठ जणांच्या संघाने इलेव्हन म्हणवून घेतलं तर पहिला विनोद समोरचा संघच करेल. तशीही ही शेपटी आता जुनी झाली. पंजाबच्या आयपीएल संघानेही २०२१ मध्ये "किंग्ज इलेव्हन" सोडून "पंजाब किंग्ज" नाव घेतलं.

३ डिसेंबर

जेवणाच्या सुट्टीत डिस्पॅचचे काका बसले होते. तरुणपणी आझाद मैदानावर टाइम्स शील्डचे सामने बघत उभे राहायचे. त्यांचा प्रश्न सरळ होता: "नाव कशाला लागतं? गावसकर निरलॉनकडून खेळायचा, संघाचं नाव निरलॉन. संपलं."

काकांचं बरोबर आहे, पण ते तिथल्यापुरतं. टाइम्स शील्डमध्ये समोरचा संघ दुसऱ्या कंपनीचा असतो, त्यामुळे कंपनीचं नाव घेतलं की ओळख पटते. आमच्या स्पर्धेत सगळ्यांचं आडनाव एकच. विक्री, गोदाम, आयटी, लेखा, सगळे एकाच कंपनीचे. म्हणून नाव ऐकल्याबरोबर विभाग कळला पाहिजे. "मुंबई टायगर्स" वगैरे नाव आयटीने घेतलं काय आणि गोदामाने घेतलं काय, काहीच फरक पडत नाही. काकांमुळे पहिली चाळणी मिळाली: नाव दुसऱ्या विभागाला तसंच्या तसं लावता येत असेल तर ते आपलं नाही.

या एका चाळणीत वाघ, सिंह, वादळं, फायटर, वॉरियर आणि किंग एका झटक्यात गेले. दुःख फक्त कॅप्टनला झालं. त्याने वाघाचं चित्र आधीच शोधून ठेवलं होतं.

५ डिसेंबर

विभागाच्या ग्रुपवर नावं मागवली. लोक व्हाउचर तपासताना दाखवत नाहीत तेवढा उत्साह इथे दिसला. त्यातली विचार करण्यासारखी नावं इथे लिहून ठेवतो.

"रॉयल चलानजर्स." टॅक्सचं चलान भरणाऱ्या माणसाकडून आलंय आणि हसू लगेच येतं. पण दोन अडचणी. एक, ते आयपीएलच्या संघाच्या नावावर बेतलेलं आहे आणि स्पर्धेचे फोटो कंपनीच्या लिंक्डइन पानावर जाणार आहेत. घरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असं नाव चालून जातं, कंपनीच्या नावाखाली दुसऱ्याचा ट्रेडमार्क वाकवणं वेगळं. दोन, मूळ संघाचं नावच २००८ मध्ये मल्ल्यांच्या व्हिस्कीच्या ब्रँडवरून आलं. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे विनोद चलानावरून बाटलीवर जायला वेळ लागणार नाही. बाद.

"मांकडर्स." म्हणजे चेंडू टाकण्याआधीच पलीकडच्या फलंदाजाला धावबाद करणारे. विनू मांकड यांनी १९४७ साली सिडनीत बिल ब्राउनला असं बाद केलं, तेव्हापासून त्यांचं नाव त्याला चिकटलं. ते बाद करणं नियमात बसणारं होतं. २०२२ पासून तर एमसीसीच्या नियमांत ते "अयोग्य खेळ" या कलमातून काढून साध्या धावबादच्या कलमात घातलं आहे. एका मोठ्या खेळाडूच्या आडनावावर आपण का हसायचं? बाद.

"घोटाळा सुपरस्टार्स" आणि त्याच चालीची आणखी काही: फिक्सर्स, टॅम्परर्स, दोन नंबरचे. ग्रुपवर हीच सर्वांत जास्त गाजली.

६ डिसेंबर

"घोटाळा"वर विभागप्रमुखांनी स्वतः फोन केला. रागावले नव्हते. एवढंच म्हणाले, "जानेवारीत ऑडिटर इथे बसलेले असतील. त्यांच्यासमोरून घोटाळा लिहिलेला टी-शर्ट घालून जाणार का?"

हे मला आधी नीट सुचलं नव्हतं असं नाही, पण त्यांनी नेमकं मांडलं. "फिक्सर्स" हे नाव आयटीला शोभेल, ते खरंच बिघडलेलं दुरुस्त करतात. मार्केटिंगने घेतलं तर कोणी वळूनही बघणार नाही. तेच आम्ही घेतलं की दुसराच अर्थ निघतो. म्हणजे ऑफिसला शोभणारं नाव असं सरसकट काही नसतं. ज्या कामात विश्वास लागतो, त्या कामातल्या बेइमानीवर त्या विभागाने विनोद करू नये. तिजोरीच्या किल्ल्या ज्याच्याकडे आहेत त्याने चोरीची गंमत करायची नाही.

त्याच फोनमध्ये "हिशेब चुकता"बद्दलही बोलणं झालं. मला हे नाव मनापासून आवडलं होतं. क्रिकेटमध्ये मागच्या पराभवाची परतफेड आणि आमच्या टेबलावर रक्कम फेडून खातं बंद. पण मोठ्याने म्हणून पाहिलं की त्यात दम दिल्यासारखं वाटतं. शिवाय विक्रीवाले "हिशेब चुकतो" करून टाकणार हे नक्की. एका मात्रेचं अंतर आहे. बाजूला ठेवलं.

९ डिसेंबर

७ तारखेच्या टीडीएसच्या गडबडीमुळे मध्ये काही झालं नाही. आज दोन नावं उरली आणि दोन्हींवर जोरदार वाद झाला.

पहिलं, "खडूस". याच्यामागे इतिहास आहे. मुंबईच्या फलंदाजीला खडूस म्हणतात ते कौतुकाने. विकेट फेकायची नाही, नरम चेंडूची वाट बघायची, समोरच्याला कंटाळा येईपर्यंत उभं राहायचं. ४२ वेळा रणजी जिंकलेल्या संघाचा हा स्वभाव आहे. आणि आम्हाला ऑफिसात वर्षभर खडूसच म्हणतात, कारण टॅक्सीची पावती नसेल तर आम्ही पैसे देत नाही. दोन्ही गोष्टी इतक्या चपखल बसतात की पगाराचं काम बघणारी सहकारी म्हणाली, यापुढे विचारच करू नका.

दुसरं नाव डेटा एंट्री करणाऱ्या नव्या मुलाने जरा लाजतच टाकलं: "बिल जोडा".

याला संदर्भ द्यायची गरज नाही. खर्चाचा प्रत्येक अर्ज आमच्याकडून ज्या शेऱ्यासह परत जातो तो हाच. कंपनीत एकही माणूस नसेल ज्याने हे दोन शब्द वाचून कपाळाला हात लावला नसेल.

११ डिसेंबर

एचआरच्या मॅडमशी बसून दोन्ही नावं तपासली. त्यांच्याकडे छापील यादी नाही, पण विचारायची पद्धत पक्की आहे.

पहिला प्रश्न, हसू कोणावर पडतंय? स्वतःवर असेल तर ठीक. दुसऱ्या विभागावर असेल तर त्या विभागाला विचारून. एखाद्या माणसावर, जातीवर, गावावर, भाषेवर किंवा शरीरावर असेल तर चर्चाच नाही.

दुसरा प्रश्न मला फार उपयोगी वाटला. संघातल्या दोघी हा टी-शर्ट घालून संध्याकाळच्या गर्दीत चर्चगेट लोकलला उभ्या राहतील का? टर्फवर टाळ्या मिळवणारी कितीतरी नावं अंधेरीच्या फलाटावर नकोशी होतात. क्रिकेटच्या शब्दांत दुहेरी अर्थ भरपूर आहेत, "बॉल" आणि "मेडन" यांवर इंग्रजीत तर तयार मालच मिळतो. मॅडमनी आठवण करून दिली की लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यात कामानिमित्त जिथे जाल ती जागाही कामाची जागा धरली आहे. कंपनीने भरवलेल्या सामन्यात "आपण तर मैदानावर होतो" ही सबब चालत नाही.

तिसरा प्रश्न, हरल्यावर नाव कसं ऐकू येतं? स्पर्धेत एक संघ सोडून बाकी सगळे हरतातच, त्यामुळे हा प्रश्न जिंकल्यावरच्या आवाजापेक्षा महत्त्वाचा. "खडूस" इथे अडखळलं. खडूस म्हणजे विकेट न देणारा. आमची आघाडीची जोडी पहिल्या षटकात परत आली तर ते नाव आमच्याच अंगावर येणार. आणि सहा षटकांच्या सामन्यात खडूस खेळून करणार काय? तिथे पहिल्या चेंडूपासून मारावं लागतं. मुंबईचा जो गुण नावात घ्यायचा, तो या सामन्याच्या प्रकारात दोष ठरतो.

"खडूस"ला दुसरी अडचणही निघाली आणि ती मॅडमनी न बोलता दाखवली. विभागात एका वरिष्ठांना पाठीमागे याच नावाने ओळखतात. आठ जणांच्या पाठीवर ते छापलं की ती टिंगल अधिकृत होणार. मुंबईच्या क्रिकेटचा इतिहास प्रत्येकाला समजावत बसता येत नाही. नाव बाद, पण वाईट वाटलं.

"बिल जोडा" तिन्ही प्रश्नांतून निघालं. हसू आमच्याच शेऱ्यावर. लोकलमध्ये कोणाला काही कळणार नाही आणि कळलं तरी बिघडत नाही. हरल्यावर "बिल जोडा हरले" एवढंच. त्यात कुठलीही फुशारकी नसल्यामुळे उतरवायलाही काही नाही.

१२ डिसेंबर

मॅडमच्या पहिल्या प्रश्नाचा दुसरा भाग उरला होता. शेरा आमचा असला तरी तो खातात विक्रीवाले, आणि त्यांतल्या काहींचे नोव्हेंबरचे पैसे अजून अडकलेले आहेत. ज्याचं बिल थकलंय त्याला हा विनोद गोड लागेलच असं नाही. म्हणून त्यांच्या कॅप्टनला चहाला नेलं आणि नाव सांगितलं. तो मनापासून हसला आणि लगेच अट घातली: सामना ते जिंकले तर नोव्हेंबरची बिलं त्याच आठवड्यात निकाली. मी म्हटलं, पावत्या जोडल्या असतील तर सामन्याच्या आधीच होतील. त्यावर पुन्हा हसला, जरा कमी.

ही परवानगी तोंडी आहे, पण ती घेतल्याचा फायदा त्याच संध्याकाळी दिसला. विक्रीच्या ग्रुपवर नाव पोहोचलं होतं आणि ते आमच्याआधी त्यांनीच वापरायला सुरुवात केली होती.

१३ डिसेंबर

आवाजाची चाचणी. गच्चीवर सगळ्यांना उभं करून ओरडून पाहिलं. मैदानावरचं नाव म्हणजे आधी आरोळी, मग लिखाण. चार-पाच शब्दांचं नाव एका दमात ओरडता येत नाही आणि शेवट व्यंजनावर असेल तर आवाज तिथेच तुटतो. "बिल जोडा" शेवटी "डा"वर उघडतं, हवं तेवढं ताणता येतं. एकाने "बिल!" म्हणायचं, बाकीच्यांनी "जोडा!" हे आपोआप जमलं, कोणी शिकवलं नाही.

मग पगाराच्या टेबलावरची सहकारी मध्येच ओरडली, "धावा!" आणि सगळे सवयीने "जोडा!" म्हणाले. समालोचनात "या जोडीने तीस धावा जोडल्या" म्हणतात, ते इथे फुकटात मिळालं. नाव सुचवणाऱ्या मुलाच्या हे डोक्यातही नव्हतं. माझ्या मते निर्णय या क्षणी झाला, मतदान नंतर नुसतं उरकलं.

१६ डिसेंबर

स्कोअरिंग अ‍ॅपवर संघ नोंदवायला घेतला. अ‍ॅप नावाच्या आद्याक्षरांवरून छोटं नाव स्वतःच बनवतं आणि सामना चालू असताना फळ्यावर तेच दिसतं. `Bill Joda` लिहिलं, तर छोटं नाव आलं `BJ`. या दोन अक्षरांचा इंग्रजीतला चावट अर्थ इथे लिहिण्यासारखा नाही. ज्यांना माहीत होता त्यांनी खाली मान घातली, बाकीच्यांना इंटरनेटने सांगितला.

कॅप्टन म्हणाला, तिसरा शब्द जोडू. मुंबई इंडियन्सच्या चाहत्यांना पलटण म्हणतात, आपणही "बिल जोडा पलटण" होऊ. टाइप केलं. छोटं नाव: `BJP`.

काही वेळ कोणीच काही बोललं नाही. पक्ष कुठलाही असो, ऑफिसच्या फळ्यावर एका पक्षाचं नाव आणि समोर धावसंख्या, असा फोटो लिंक्डइनवर जाऊ द्यायचा नाही. शिवाय दुसऱ्या संघाने लगेच दुसऱ्या पक्षाची अक्षरं शोधली असती.

उपाय साधा निघाला. संघाच्या सेटिंगमध्ये छोटं नाव हाताने बदलता येतं. तिथे `JODA` लिहिलं. फळ्यावर "JODA 42/3" वाचायलाही बरं वाटतं. ज्यांना नाव ठेवायचंय त्यांच्यासाठी: नाव मराठीत ठरलं तरी ते रोमन अक्षरांत लिहून त्याची आद्याक्षरं एकदा काढून बघा, आणि हे टी-शर्ट छापायला देण्याच्या आधी करा.

१८ डिसेंबर

मतदान झालं, विरोधात फक्त कॅप्टनचा वाघ. एचआरला नाव कळवलं, दोन दिवस आधी.

२३ डिसेंबर

टी-शर्टसाठी धोबी तलावच्या एका दुकानात गेलो. कापडावर रंग उष्णतेने उतरवतात, म्हणजे नावाची अक्षरं आणि रंग एकाच वेळी छापले जातात. चूक राहिली तर खरवडून काढता येत नाही. मी नाव व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून पाठवलं आणि छापायच्या आधी नमुना मागितला.

नमुन्यात पाठीवर ठसठशीत अक्षरांत आलं: "बलि जोडा".

दुकानदाराला त्यात काही वावगं दिसेना, तो मराठी वाचणारा नव्हता. कारण समजून घेतलं. संगणकात "बि" साठवताना आधी ब आणि मग ऱ्हस्व वेलांटी असाच क्रम असतो. दाखवताना वेलांटी उचलून ब च्या आधी नेणं हे सॉफ्टवेअरचं काम. डिझाइनच्या जुन्या सॉफ्टवेअरला हे येत नाही, ते वेलांटी जिथल्या तिथे ठेवतं. मग ती ब नंतर आणि ल च्या आधी पडते, आणि वाचणारा ती ल ला लावतो. बिलाचा बळी झाला तो असा. जोडाक्षरं असती तर तीही अशीच फुटली असती, पाय मोडलेली अक्षरं सुटी दिसली असती. आमच्या नावात एकही जोडाक्षर नाही हे नशीब.

दुकानातल्या संगणकाशी झगडण्यापेक्षा मी ऑफिसात बसून नाव नव्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलं, बरोबर दिसतंय याची खात्री केली आणि अक्षरांचं रूपांतर नुसत्या आकारांत केलं. कोरलड्रॉमध्ये त्यासाठी Ctrl+Q आहे. मग ती अक्षरं राहत नाहीत, चित्र होतं, आणि कुठल्याही संगणकावर वेलांटी हलत नाही. त्याचं पीडीएफ पाठवलं. नवा नमुना बरोबर आला. तो विभागातल्या तिघांना दाखवून मगच होकार दिला. मागे नाव, पुढे क्रमांक, कंपनीचा लोगो बाहीवर. लोगोला कंपनीच्या ब्रँडच्या नियमांप्रमाणे मोकळी जागा सोडावी लागते, ती सोडली.

११ जानेवारी

स्पर्धा झाली. पहिला सामना गोदामाविरुद्ध जिंकलो, दुसरा विक्रीविरुद्ध हरलो. उपांत्य फेरी हुकली.

नावाचं सांगायचं तर अंपायरने नाणेफेकीला ते न अडखळता वाचलं. आमच्यापेक्षा समोरच्यांनी जास्त ओरडलं. विक्रीच्या फलंदाजाने षटकार मारला की त्यांचा सगळा कोपरा "बिल!" म्हणायचा आणि आमच्याच राखीव खेळाडूला सवयीने "जोडा!" तोंडातून जायचं. त्याला शेवटी पाणी द्यायला पाठवला. इतर संघांत दोन "वॉरियर्स" निघाले आणि समालोचन करणारा सबंध दिवस "निळे वॉरियर्स, लाल वॉरियर्स" करत राहिला.

विक्रीच्या कॅप्टनने सामन्यानंतरच्या वडापाव आणि लिंबू सरबताचा खर्च सोमवारी अर्जात टाकला. पावती नव्हती. नेहमीचा शेरा मारून परत पाठवला.

अ‍ॅपवरचा संघ `JODA` या छोट्या नावाने तसाच ठेवला आहे, पासवर्ड कॅप्टनकडे. आकारांत बदललेली नावाची फाइल विभागाच्या शेअर्ड फोल्डरमध्ये आहे. पुढच्या वर्षी नवे टी-शर्ट छापायचे झाले तर तीच द्यायची, नाव नव्याने टाइप करून पाठवायचं नाही.